मन्याशूल आणि घरातील मेज-खुर्ची

मान आखडली म्हणून चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांत घरी बसून संगणकावर काम करणाऱ्यांचा भरणा 2020 च्या टाळेबंदीपासून झाला, आणि तो पुढेही टिकून राहिला. कार्यालये पुन्हा उघडली, तरी आठवड्यातील दोन-तीन दिवस घरून काम करण्याची पद्धत अनेक ठिकाणी कायम राहिली. या रुग्णांस आपण स्नेहन-स्वेदन करतो, नस्य देतो, ग्रीवाबस्ती करतो, पोटात त्रयोदशांग गुग्गुळ देतो. चार-सहा दिवस बरे वाटते. मग रुग्ण पुन्हा त्याच खुर्चीवर जाऊन बसतो आणि पंधरवड्याने पुन्हा आपल्या दारी येतो. यात औषधाचा दोष नाही. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे सार आहे असे सुश्रुतांनी उत्तरतंत्रात सांगितले, ते आपण परीक्षेत लिहिले. रुग्णपत्रकावर मात्र खुर्चीच्या उंचीसाठी रकाना नाही, याकडे आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील वातव्याधीच्या अध्यायात मन्यास्तंभाची कारणे आली आहेत, ती या संदर्भात पुन्हा वाचावीत. दिवास्वप्न, आसन व स्थान यांतील वैगुण्य आणि वर पाहणे, यांनी श्लेष्म्याने आवृत झालेला वायू मन्यास्तंभ उत्पन्न करतो, असा त्याचा आशय. या ठिकाणी पाठभेद आहेत, हे अभ्यासकांस ठाऊकच आहे. तरीही बसण्याची पद्धत आणि दृष्टीची दिशा ही दोन्ही कारणे तेथे आहेत. आजच्या लोकप्रिय लेखांतून मात्र खाली पाहण्याचीच भीती घातली जाते. न्यूयॉर्कमधील अस्थिशल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये गणित मांडले, की मान 60 अंश झुकविल्यास मानेच्या कण्यावर सुमारे 27 किलो भार पडतो. तो आकडा जगभर फिरला. परंतु ते प्रतिमानावरून काढलेले गणित होते. रुग्णांच्या वेदनेचे ते मोजमाप नव्हते. ‘पडदा वर घ्या’ हा एकच सल्ला त्यातून सर्वांस मिळू लागला, आणि तो सर्वांस मानवत नाही. पुढील उदाहरण त्याचेच आहे.

पुण्यातील एक बाई, वय 48, एका आस्थापनेचे हिशेब घरी बसून पाहतात. उंची 5 फूट 2 इंच, म्हणजे सुमारे 157 सेंटिमीटर. दूरचे, मधले व जवळचे असे तिन्ही अंतरांचे दिसावे म्हणून प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा त्या वापरतात. बैठक जेवणाच्या टेबलाशी. टेबलाची उंची 76 सेंटिमीटर, खुर्चीची बैठक 45. आपल्याकडील बहुतेक जेवणाची टेबले याच मापाची असतात आणि जेवणासाठी ती योग्यही असतात, कारण जेवताना हात टेबलावर सलग तासन्तास राहत नाहीत.

आता या बाईंची मापे पाहू. गुडघ्यामागील खळगीपासून जमिनीपर्यंतचे अंतर, पायांत चपला असताना, 40 सेंटिमीटर. म्हणजे 45 च्या खुर्चीवर टाचा टेकत नाहीत आणि बैठकीची कड मांडीखाली रुतते. ती रुतू नये म्हणून शरीर आपोआप पुढे सरकते, पाठ टेकणीपासून सुटते आणि डोके खांद्यांच्या पुढे येते. बसल्यावर, हात सैल सोडून कोपर काटकोनात वाकविले असता, बैठकीपासून कोपराची उंची 22. म्हणजे जमिनीपासून 67. टेबल 76 वर. ही 9 सेंटिमीटरची तूट खांदे उचलून भरली जाते आणि दिवसाचे सहा-सात तास ते उचललेलेच राहतात. खांद्यांच्या वरच्या बाजूचा दुखावा, जो तेल चोळल्यावर लगेच हलका होतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येतो, तो येथून निघतो.

बाईंच्या कार्यालयाने घरून काम करणाऱ्यांसाठी एक सचित्र सूचनापत्रक आणि सुटा कळफलक पाठविला होता. पत्रकात लिहिले होते, की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. बाईंनी लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तके ठेवून तो 16 सेंटिमीटर उचलला आणि कड बरोबर डोळ्यांसमोर आणली. सूचना तंतोतंत पाळली. दुखणे मात्र कमी न होता कवटीच्या तळाशी सरकले आणि सायंकाळी डोके ठणकू लागले.

कारण चष्म्यात होते. अशा भिंगांत मधल्या व जवळच्या अंतराचे क्रमांक खालच्या भागात असतात. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आला, की भिंगाच्या वरच्या, दूरच्या क्रमांकाच्या भागातून तो धूसर दिसतो. मग माणूस नकळत हनुवटी उचलतो आणि भिंगाच्या खालच्या भागातून वाचू लागतो. ऊर्ध्वनिरीक्षण ते हेच. फक्त आकाशाकडे नव्हे, हिशेबाच्या पानाकडे. चाळिशी ओलांडलेल्या रुग्णाची तपासणी करताना चष्मा हातात घेऊन पाहावा, एवढे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. निदान पक्के करण्याची रीत सोपी आहे. रुग्ण कामात गढलेला असताना घरातील कोणीतरी बाजूने, कानाच्या रेषेतून छायाचित्र काढावे, तेही न सांगता. सांगितले की प्रत्येकजण ताठ बसतो. या बाईंच्या छायाचित्रात हनुवटी स्पष्ट वर दिसत होती.

दुरुस्ती पुढीलप्रमाणे झाली. टेबलाचे पाय कापणे शक्य नव्हते, म्हणून बैठक उचलली. स्पंजची उशी घेतली तर ती बसल्यावर निम्मी दबते; त्यामुळे घडी केलेली जाड घोंगडी घेतली आणि बसल्यानंतरचे माप धरले. बैठक 54 झाली, कोपर 76 वर आले, खांदे उतरले. पण पाय आता 14 सेंटिमीटर अधांतरी. चौरंग मापाचा होता, परंतु त्यावर पाय ठेवणे घरातील वडीलधाऱ्यांस रुचले नाही, आणि आम्हांसही तो आग्रह धरावासा वाटला नाही. विटांचे दोन थर व त्यांवर फळी, एवढ्याने काम झाले. टाच टेकली, मांडीखालचा दाब गेला आणि पाठ टेकणीला लागली. पाठीमागे कमरेच्या खळगीत गुंडाळलेला पंचा ठेवला, जेणेकरून कंबर मागे ढळून डोके पुन्हा पुढे येऊ नये.

मग पडदा. बैठक वर गेल्याने डोळे जमिनीपासून 124 सेंटिमीटरवर आले. टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपची वरची कड 99 वर येते. पत्रकाप्रमाणे तो 25 सेंटिमीटर उचलावयास हवा होता, आणि साधा चष्मा किंवा चष्माच नसलेल्या माणसास त्याच्या जवळपासचे माप मानवते. या बाईंसाठी तो केवळ 12 उचलला. वरची कड डोळ्यांच्या 13 खाली राहिली, पडदा मागे किंचित कलता केला आणि अंतर हात लांब केल्यावर बोटे टेकतील एवढे, सुमारे 60 सेंटिमीटर ठेवले. अशा स्थितीत हनुवटी न उचलता शेवटची ओळ वाचता आली. नेत्रतज्ज्ञाकडून केवळ त्या 60 सेंटिमीटर अंतरासाठी स्वतंत्र चष्मा करून घेणे, हा याहून चांगला मार्ग, आणि तो त्यांनी पुढे पत्करला. त्यानंतर पडदा आणखी वर नेता आला.

एक गोष्ट येथे निक्षून सांगितली पाहिजे. लॅपटॉप उचलला, की सुटा कळफलक व माऊस घेणे अपरिहार्य होते. उचललेल्या लॅपटॉपवरच टंकलेखन केल्यास मानेचा त्रास वाचतो आणि तो खांद्यांवर दुपटीने वसूल होतो. माऊसही कळफलकाला लागून असावा. हात बाजूला लांब करून तो धरला, तर एकाच बाजूची मान दुखते आणि रुग्ण त्याचे खापर उशीवर फोडतो.

प्रकाशाचा विचार मानेच्या संदर्भात सहसा होत नाही. खिडकी पाठीमागे असेल तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते, आणि ते टाळण्यासाठी माणूस मान एकीकडे कलती करतो. खिडकी समोर असेल तर डोळे दिपतात, पडदा मंद भासतो आणि चेहरा पुढे जातो. म्हणून टेबल असे फिरवावे की खिडकी बाजूला येईल. पडदा बंद करून त्यात पाहिले असता ट्यूबलाइट किंवा खिडकी आरशातल्यासारखी दिसली, तर जागा चुकली असे समजावे. पडद्याशेजारी पांढरा कागद धरून दोन्ही सारखे उजळ दिसतात का, हेही पाहावे. पडदा दिव्यासारखा झगझगत असेल तर त्याचे तेज कमी करावे किंवा खोलीत एक दिवा वाढवावा.

या बाईंस तीन आठवड्यांत उतार पडला. त्याच काळात त्यांना नस्य व पत्रपिंडस्वेदही चालू होते, तेव्हा श्रेय कोणास किती हे विभागता येत नाही. केवळ मेज-खुर्चीच्या फेरबदलाने मानेचे दुखणे टळते का, याविषयी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. 2018 च्या कॉक्रेन समीक्षेनेही तसेच नोंदविले आहे. आम्ही एवढेच म्हणतो, की त्यापूर्वी हीच औषधे चार दिवस पुरत होती. शिवाय उत्तम मापाच्या बैठकीवरही माणूस अर्ध्या-पाऊण तासाने उठला नाही, तर मान आखडतेच.

दुखणे कोठे आहे यावरून काय मोजावे याचा ढोबळ अंदाज येतो: कवटीच्या तळाशी असेल तर चष्मा व पडद्याची उंची, खांद्यांवर असेल तर कोपर व टेबल, मानेच्या मुळाशी असेल तर खाली किंवा दूर गेलेला पडदा. परंतु हाताची पकड सैल होणे, बोटे बधिर होणे, चालताना तोल जाणे, ज्वर, वजन घटणे, पडल्याचा किंवा अपघाताचा पूर्वेतिहास यांपैकी काही असेल, तर मोजपट्टी व तेल दोन्ही बाजूला ठेवून रुग्णास तातडीने पुढील तपासणीस पाठवावे. अशा मानेस हात लावू नये.

हे काम भौतिकोपचारतज्ज्ञांचे, आपले नव्हे, असे काही वैद्यबंधू म्हणतात. दहा रुपयांची मोजपट्टी आणि रुग्णाने आणलेले एक छायाचित्र यांपलीकडे यात काही लागत नाही, आणि हेतू शोधणे हे तर आपलेच काम आहे. औषधालयाच्या मालकांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. मानेसाठी महानारायण तेलाची तिसरी बाटली मागणाऱ्या ग्राहकास “संगणक घरी कशावर ठेवता?” एवढे विचारावे आणि त्यास वैद्यांकडे धाडावे. त्यांतील पुष्कळजण स्वतःही रात्री घरी, पलंगावर मांडी घालून, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरत बसतात. तेव्हा पहिले माप त्यांनी आपलेच घ्यावे.