पाटीवरचं नाव आपलं कधी होतं?

नाशिक फाट्याच्या अलीकडे-पलीकडे, कासारवाडीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी छोटी वर्कशॉप्स आहेत. बहुतेकांचा समज असा, की शॉप अ‍ॅक्ट आणि जीएसटी झालं म्हणजे नाव आपलं झालं. हा समज सोडायला हवा.

१. पाटी, बिल आणि जीएसटीवर असतं ते व्यापारी नाव. समजा, 'श्री गणेश इंजिनिअरिंग'. ते धंदा कोणाचा हे सांगतं. शॉप अ‍ॅक्ट किंवा उद्यम नोंदणीने त्या नावावर मक्तेदारी मिळत नाही. भोसरीत दुसरा 'श्री गणेश' उघडला, तर केवळ हे कागद त्याला रोखू शकत नाहीत.

२. मालाच्या खोक्यावर छापून गिऱ्हाईक जे मागतं, ते ब्रँडचं नाव. ते नोंदवलेलं नसेल तरी कायदा पूर्ण वाऱ्यावर सोडत नाही. 'पासिंग ऑफ'चा दावा करता येतो. पण आपल्या नावाची पत बाजारात आहे आणि समोरच्यामुळे गिऱ्हाईक फसतं, हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

३. नोंदणीकृत ट्रेडमार्क मात्र त्या-त्या वर्गातल्या मालापुरता हक्क देतो. वाहनं आणि त्यांचे बरेचसे भाग वर्ग 12 मध्ये, यंत्रांचे भाग वर्ग 7 मध्ये येतात. वर्ग चुकला, तर नोंदणी असूनही खरा माल उघडा राहतो. 'मजबूत ब्रेक' असं निव्वळ वर्णन करणारं नाव सहसा मिळत नाही. नोंदणी 10 वर्षांची, मग नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लावा. गोलातला 'आर' नोंदणीनंतरच.

४. नोंदणीलाही मर्यादा आहे. पुण्यातलं 'बर्गर किंग' हे खानावळीचं नाव 1992 च्या सुमाराचं. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीची भारतात नोंदणी जुनी, पण दुकानं 2014 पासून. कंपनीने 2011 मध्ये दावा लावला. 2024 मध्ये पुणे जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला, उच्च न्यायालयाने अपील चालेपर्यंत पुण्याच्या दुकानाला नाव वापरायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. आधीपासूनचा वापर ही भक्कम बाजू आहे, पण ती सांभाळायला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून पहिलं बिल, पहिलं छापील खोकं, पहिली जाहिरात तारखेसह जपून ठेवा.

५. नाव रंगवण्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपल्या वर्गात शोध घ्या. मिळतंजुळतं नाव नसेल तर ऑनलाइन टीएम-ए अर्ज करा. व्यक्ती, स्टार्टअप आणि उद्यम प्रमाणपत्र असलेल्या लघुउद्योगाला एका वर्गासाठी 4,500 रुपये शुल्क आहे, इतरांना 9,000. अर्ज जर्नलमध्ये छापल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात.

जिल्हा उद्योग केंद्राने आणि उद्योजक संघटनांनी उद्यम नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला मराठीत एवढं सांगावं: हा तुमच्या नावाचा ट्रेडमार्क नाही. सुट्या भागांच्या बाजारात नाव चोरीला गेल्यावर हे कळणं फार महाग पडतं.