जाहिरातीची ओळ मराठीत आणताना

गावातल्या एखाद्या बचत गटाची कपडे धुण्याची पावडर असो किंवा मोठ्या कंपनीचं पाकीट, इंग्रजीतली ओळ 'जरा मराठीत करून दे' म्हणून आपल्यापैकी कुणाच्या तरी हातात येते. घरात जो बरं मराठी लिहितो, त्याच्याकडे ती येते. हे काम दहा मिनिटांचं समजून उरकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती ओळ पाकिटावर, दुकानाच्या पाटीवर, एसटीच्या पाठीवर वर्षानुवर्षं राहते आणि मुलं ती वाचत मोठी होतात.

एक खरी ओळ घेऊन पाहू. युनिलिव्हर ही कंपनी आपल्या पावडरी अनेक देशांत 'डर्ट इज गुड' या वाक्यावर विकते. मूल मातीत खेळलं, कपडे खराब झाले, तरी त्यातून ते काही शिकतं, म्हणून त्याला अडवू नका, हा त्यामागचा विचार. भारतात 2005 मध्ये सर्फ एक्सेलसाठी हिंदीत ती ओळ आली, 'दाग अच्छे हैं'. बहीण चिखलात पडते म्हणून भाऊ त्या डबक्यालाच बुक्के मारतो आणि स्वतः चिखलानं माखतो, ती जाहिरात अनेकांना आठवत असेल. हिंदी लिहिणाऱ्यानं पहिल्याच पावलाला इंग्रजी शब्द सोडला. 'डर्ट'ला 'गंदगी' म्हटलं असतं, तर ओळ तिथंच संपली असती. त्यानं 'दाग' घेतला, कारण पावडर विकत घेणाऱ्या बाईची खरी अडचण डाग ही आहे.

आता हेच मराठीत आणायचं आहे. शब्दाला शब्द ठेवून बघा. 'घाण चांगली आहे' हे ऐकून अंगावर शिसारी येते. 'माती चांगली आहे' म्हटलं की शेतकरी विचारेल, काळी की मुरमाड? मग हिंदीवरून 'डाग चांगले आहेत' लिहायचा मोह होतो, आणि बहुतेक जण इथंच थांबतात. थांबू नका, कारण या ओळीत काहीतरी अडतंय.

'आहेत' म्हटलं की मराठी कानाला समोरची ठरावीक वस्तू दिसते. 'आंबे चांगले आहेत' म्हणजे या पेटीतले. सगळ्या डागांविषयी बोलायचं असेल तर आपण 'असतात' म्हणतो. म्हणून 'डाग चांगले असतात' हे व्याकरणाला धरून झालं, पण ते शाळेतल्या विधानासारखं वाटतं. जोर यावा म्हणून कुणी 'डाग चांगलेच' केलं, तर अर्थच उलटतो. 'चांगलेच डाग पडलेत' असं आई म्हणते तेव्हा ती कौतुक करत नसते. मराठीत 'चांगलाच' हा शब्द मारालाही लागतो आणि तापालाही.

हिंदी जाहिरातीत नुसती ओळ नव्हती, हेही लक्षात घ्या. डाग पडून काही चांगलं होत असेल, तर डाग चांगले आहेत ना, अशा अर्थाचं बोलणं तिच्यासोबत होतं. त्यातल्या 'तर'मुळे ते विधान माणसाच्या तोंडचं झालं. पाकिटावर एवढी जागा नसते. तिथं ओळीनं एकटीनं उभं राहायला हवं.

म्हणून शब्दकोश मिटा आणि स्वतःला विचारा: हे वाक्य आपल्या घरात कोण, कुणाला म्हणेल? पोरगं अंगणातून लाल मातीनं भरून आलंय, आई ओरडतेय, आणि आजी ओट्यावरून तिला समजावतेय. आजी 'डाग चांगले' कधीच म्हणणार नाही. ती म्हणेल, 'असू दे गं, खेळू दे त्याला. मळले कपडे तर मळू देत.' ओळ इथंच आहे. ती कातरून एवढीच ठेवा:

खेळू दे, मळू दे.

इंग्रजीतलं नाम इथं क्रियापद झालं, कारण मराठीत कपडे मळतात. 'चांगलं' हा शब्दही गेला. त्याचं काम 'दे' करतंय, कारण मुलाला दिलेली मोकळीक त्या 'दे'मध्ये आहे. यमक शोधावं लागलं नाही, ते बोलण्यातूनच आलं.

पण ओळ सापडली की तिचे दुसरे अर्थ तपासायलाच हवेत. 'मळणे' कणकेलाही लागतं. नुसतं 'मळू दे' छापलं असतं, तर पोळ्यांच्या पिठाचं पाकीट वाटलं असतं. आधी 'खेळू दे' आहे म्हणून मूल डोळ्यांसमोर येतं, तेव्हा हा क्रम कुणालाही बदलू देऊ नका. आणि कंपनीनं 'डाग' हा शब्द हवाच असा आग्रह धरला, तर 'डाग? पडू देत की!' हे बोलण्याच्या जवळचं आहे. मला ते पहिल्याइतकं आवडत नाही, पण ते मराठी आहे.

दुसऱ्या प्रकारची ओळ अधिक वेळा समोर येते: पावडर डागांना कठीण आणि कपड्याला मऊ आहे, असं सांगणारी. तिचं 'डागांवर कठोर, कपड्यांवर सौम्य' असं भाषांतर हमखास केलं जातं. मराठीत कठोर असतो तो न्यायाधीश किंवा बाप, आणि कपड्यांवर सौम्य असं काही नसतं. बाईला डाग निघायला हवा आणि साडीचा रंग टिकायला हवा. मग 'डाग जाईल, रंग राहील' एवढं पुरे. हातांबद्दल सांगायचं असेल तर 'हातांवर सौम्य' नको, 'हात चरचरत नाहीत' म्हणा. सोडा जास्त असलेल्या पावडरीत ज्यांनी हात घातलाय, त्यांना ते लगेच कळेल.

इथं एक जबाबदारीही येते. ओळ सुटसुटीत करताना तिच्यातला दावा वाढवू नका. इंग्रजीत फक्त 'डागांना भारी' असेल आणि तुम्ही 'सगळे डाग गायब' लिहिलंत, तर तुम्ही कंपनीच्या वतीनं नवं वचन दिलंत. कोकणातली बाई लगेच काजूच्या बोंडाचा डाग आणून दाखवेल, जो कापडाबरोबरच जातो. हळदीचा डाग तर साबण लागताच लाल होतो, कारण सोड्याच्या अल्कधर्मी गुणानं हळदीचा रंग पालटतो, आणि पुढे तो उन्हानं फिका होतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली कारवाई होऊ शकते. त्यामुळे 'रंग राहील' हेही पावडरीची परीक्षा घेतल्याशिवाय छापू नका. रंगीत सुती कापडाचा तुकडा तिच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन वाळवा, न धुतलेल्या तुकड्याशेजारी उजेडात ठेवा आणि मग ठरवा.

शेवटी ओळ मोठ्यानं वाचा, आणि रोज धुणं धुणाऱ्या माणसाला ऐकवा. कशी वाटली असं विचारू नका, लोक भिडेखातर 'छान' म्हणतात. 'यात काय सांगितलंय?' एवढंच विचारा. उत्तर देताना त्यांनी तुमची ओळ बाजूला ठेवून वेगळेच शब्द वापरले, तर ते शब्द तिथल्या तिथं लिहून घ्या. बऱ्याचदा छापायची ओळ तीच असते.