पोत्याचं वजन
अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या चित्रचाचणीत बऱ्याचदा येणारा विषय म्हणजे जड पोतं उचलणारा माणूस. पोरं त्याचा चेहरा घोटत बसतात आणि वेळ संपतो. परीक्षकाची नजर असते कंबरेवर. पोतं पोटाशी आलं की तोल सांभाळायला धड मागे कलतं, गुडघे वाकतात, पावलं फाकतात. हे नसेल तर पोत्यात कापूस भरलाय असं वाटतं, मग शेडिंग कितीही करा! आकृती काळ्या रंगाने भरली तरी माणूस काय करतोय ते कळायला हवं. मुलाखतीला जाताना अ‍ॅनिमेच्या गुळगुळीत नकला घरीच ठेवा. फलाटावरच्या हमालांची दोन-दोन मिनिटांत काढलेली कच्ची रेखाटनं न्या. ‘हा पाय इथेच का?’ असं परीक्षकांनी विचारलं, तर सबबी सांगण्यापेक्षा तिथल्या तिथे चित्रातला पाय हलवून दाखवा. सुधारणा ऐकून हात चालतो का, हेच त्यांना पाहायचं असतं.