प्याला आणि कॅप्सूल

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरसारख्या मध्यमवर्गीय वसाहतीतही आता ग्रीन टी नवलाचा राहिलेला नाही. वजन उतरावे म्हणून कुणी सकाळी त्याचा प्याला घेतो, तर कुणी त्याच पानांच्या अर्काची कॅप्सूल गिळतो. दोन्ही वस्तू एकाच वनस्पतीच्या. तेव्हा गुणही एकच, असा सार्वत्रिक समज आहे. तो यकृताला महागात पडू शकतो.

या पानांतील प्रमुख द्रव्याचे संक्षिप्त नाव ईजीसीजी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, चहा पिणाऱ्यांच्या पोटात हे द्रव्य दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम जाते आणि असा चहा सामान्यतः सुरक्षित आहे. पूरक गोळ्यांतून मात्र रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याचे दर्शविणारी रक्तातील विकरे वाढतात.

ही मर्यादा ओलांडणे किती सोपे आहे, ते पाहावे. समजा, एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क आहे आणि त्यात ४५ टक्के ईजीसीजी आहे. म्हणजे २२५ मिलिग्रॅम. अशा चार कॅप्सूल घेतल्या की ९०० मिलिग्रॅम झाले. प्याला घोटाघोटाने, दिवसभरात विभागून पोटात जातो. कॅप्सूलचा अर्क एकदम सुटतो. उपाशीपोटी घेतल्यास त्याचे शोषण कित्येक पटींनी वाढते, आणि आतड्यातून निघालेले रक्त प्रथम यकृतातच पोहोचते.

अमेरिकेतील मिनेसोटा येथे १,०७५ महिलांवर वर्षभर झालेल्या चाचणीत निम्म्या जणींना रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी दिले गेले. त्यांपैकी ५.१ टक्के महिलांची यकृत-विकरे लक्षणीय वाढली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होते. म्हणजे बहुसंख्यांना काही होत नाही, पण काहींना होते. २०२१ मधील संशोधनाने त्यामागे एचएलए-बी*३५:०१ या आनुवंशिक घटकाचा संबंध दाखविला. तो आपल्यात आहे की नाही, हे सामान्य माणसाला ठाऊक नसते. म्हणून ‘शेजाऱ्याला बाधले नाही’ हा युक्तिवाद येथे निरुपयोगी ठरतो.

औषध आणि विष यांतील अंतर मात्रेचे असते, हे आयुर्वेदाच्या परंपरेत वाढलेल्या समाजाला नव्याने सांगावे लागू नये. तरीही ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचताच मात्रेचा विचार सुटतो. फ्रान्स व स्पेनमध्ये असाच एक अर्क यकृतविकाराच्या तक्रारींमुळे २००३ मध्येच बाजारातून हटविला गेला. युरोपीय संघाने २०२२ मध्ये दैनंदिन मात्रा ८०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचे आणि ‘उपाशीपोटी घेऊ नये’ अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे बंधन घातले. आपल्याकडील ग्राहकानेही वेष्टनावर केवळ अर्काचे वजन नव्हे, तर ईजीसीजीचा आकडा मागितला पाहिजे. तो नसेल, तर ती बाटली दुकानातच राहू द्यावी.

कॅप्सूल सुरू असताना विनाकारण थकवा, मळमळ, अंगाला खाज, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास ती तत्काळ थांबवावी, एसजीपीटी व बिलिरुबिन तपासावे आणि डॉक्टरांना कॅप्सूलचे नाव आवर्जून सांगावे. बहुतेकांचे यकृत अर्क थांबविल्यावर सावरते; पुन्हा सुरू केल्यास तीच इजा परतू शकते. ज्याला ग्रीन टीची आवड आहे, त्याने तो प्याल्यातूनच घ्यावा.