असंगत, पण निरर्थक नव्हे

विद्यापीठांच्या नाट्यवर्गांत असंगत नाट्याचा अभ्यास सुरू झाला म्हणजे एक ठराविक उत्तर हातोहात पुढें जाऊं लागतें. पात्रें तेंच तेंच बोलतात, कारण जीवन निरर्थक आहे. पात्रें मध्येंच गप्प बसतात, कारण जीवन रिकामें आहे. पात्रांच्या बोलण्यास अर्थ नाहीं, कारण माणसामाणसांतला संवाद तुटला आहे. आरंभीं दुसऱ्या महायुद्धाचा उल्लेख केला आणि शेवटीं काम्यूचें नांव घातलें, कीं उत्तर पुरें! तें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही दोष देत नाहीं. त्याला तें मार्गदर्शिकेनें दिलेलें असतें, आणि मार्गदर्शिकेला आमच्याच व्यवसायबंधूंच्या टिपणांनीं पुरविलेलें असतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हें उत्तर लिहिण्यास नाटक वाचण्याची गरज लागत नाहीं. आणि ज्या उत्तरास ग्रंथाची गरज नाहीं तें त्या ग्रंथाविषयींचें उत्तर नव्हे.

याच्या उलट बाजूला दुसरा एक पक्ष आहे. असलीं नाटकें म्हणजे पाश्चात्यांचा निव्वळ पोरखेळ, तीं अभ्यासक्रमांतून काढून टाकावीं, असें त्याचें मत. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी समजले जातात. पण बारकाईनें पाहिलें तर त्यांचें मुळांत एकमतच आहे. नाटकांतील भाषणें निरर्थक आहेत हें दोघांनाही मान्य. एक तिला थोरवी म्हणतो व दुसरा दोष म्हणतो, एवढाच काय तो फरक. आमचा वाद या समान गृहीताशींच आहे.

वाद हवेंत राहूं नये म्हणून एकच नाटक घेऊं. सॅम्युएल बेकेट या आयरिश लेखकानें 1948-49 च्या हिवाळ्यांत फ्रेंच भाषेंत लिहिलेलें, 5 जानेवारी 1953 रोजीं पॅरिसमध्यें प्रथम रंगभूमीवर आलेलें आणि पुढें त्यानेंच इंग्रजींत उतरविलेलें ‘वेटिंग फॉर गोदो’. व्लादिमीर व एस्ट्रागॉन हे दोन फाटके इसम एका झाडाजवळ गोदो नांवाच्या कोणाची वाट पाहत असतात. पोझो नांवाचा एक धनी लकी नांवाच्या नोकरास गळ्यांत दोर बांधून हांकीत येतो व निघून जातो. संध्याकाळीं एक मुलगा निरोप आणतो कीं गोदो आज येणार नाहीं, उद्यां येईल. दुसऱ्या अंकांत हेंच सर्व पुन्हां होतें. ‘असंगत नाट्य’ हा वर्ग मार्टिन एस्लिननें आपल्या 1961 च्या ग्रंथानें रूढ केला. म्हणजे नाटक आधीं आलें व चिठ्ठी मागाहून चिकटली, हें विसरतां कामा नये.

प्रथम पुनरुक्ति. दोन्ही अंकांचा शेवट एकाच प्रकारें होतो. एकजण निघायचें का म्हणून विचारतो, दुसरा होकार देतो, आणि रंगसूचना सांगते कीं दोघेही जागचे हलत नाहींत. मार्गदर्शिका येथें ‘जीवनाचें निरर्थक चक्र’ असे तीन शब्द लिहून मोकळी होते. पण दोन्ही शेवट शेजारीं शेजारीं लिहून काढले तर काय दिसतें? पहिल्या अंकांत विचारणारा एस्ट्रागॉन आहे आणि होकार देणारा व्लादिमीर. दुसऱ्या अंकांत विचारणारा व्लादिमीर आहे आणि होकार देणारा एस्ट्रागॉन. शब्द जवळजवळ तेच, तोंडें मात्र बदललीं आहेत. या अदलाबदलीचें महत्त्व ज्यानें संपूर्ण नाटक ऐकलें आहे त्यालाच कळतें. कारण नाटकभर ‘चल, जाऊं या’ असा लकडा एस्ट्रागॉन लावीत असतो, आणि आपल्याला गोदोची वाट पाहावयाची आहे हें बजावून त्याला थांबविणारा दर वेळीं व्लादिमीर असतो. ज्यानें दुसऱ्याला थांबविण्याचें काम अंगावर घेतलें होतें, तोच आतां जाण्याची गोष्ट काढतो. तीही केव्हां, तर फांस घेण्यासाठीं काढलेली कमरेची दोरी ओढून पाहतांना तुटली, एस्ट्रागॉनची विजार घसरली आणि ती त्यानें वर ओढली, यानंतर! पहिल्या अंकांतील प्रश्न कंटाळ्यांतून आला होता. दुसऱ्यांतला पहारेकऱ्यानेंच पहारा सोडल्यासारखा आहे.

आमच्या साहित्यशास्त्रानें पुनरुक्तीस दोष म्हटलें आहे हें खरें. परंतु त्याच शास्त्रानें लाटानुप्रास नांवाचा अलंकारही मानला आहे. त्यांत शब्द तोच, अर्थ तोच, बदलतें तें केवळ तात्पर्य. बेकेटनें आमचे अलंकारग्रंथ वाचले होते असें आम्ही सुचवीत नाहीं. पण जें ओळखण्याचें साधन आमच्या घरांत शतकानुशतकें पडून आहे, तें बाजूस ठेवून ‘निरर्थकता’ ही उसनी मोहोर कां मारावी, हें आम्हांस समजत नाहीं. त्या मुलाचेंच पाहा. पहिल्या अंकांत निरोप मुलगा सांगतो. दुसऱ्या अंकांत तो येतो तेव्हां निरोपाचीं वाक्यें व्लादिमीरच उच्चारतो आणि मुलगा केवळ होय-नाहीं म्हणतो. निरोप तोच आहे, पण आतां तो आणण्याची गरज उरलेली नाहीं. ऐकणाऱ्याला तो पाठ झाला आहे. लकीच्या गळ्यांतला दोरही पुन्हां दिसतो, पण आंखूड होऊन; कारण आंधळ्या झालेल्या पोझोला आतां त्याच्याच आधारानें चालावयाचें आहे. चक्र फिरतें असें म्हणणें सोपें आहे. प्रत्येक फेऱ्यांत तें किती झिजतें हें मोजणें, हा अभ्यास.

आतां शांतता. बेकेटच्या रंगसूचनांत ‘विराम’, ‘शांतता’ आणि ‘दीर्घ शांतता’ अशा पायऱ्या आहेत. त्या सरसकट एकच समजून वाचणें म्हणजे गाण्यांतील सगळ्या मात्रा सारख्याच समजणें होय. दुसऱ्या अंकांत एक प्रसंग आहे. आपण गप्प राहूं शकत नाहीं अशी कबुली देत दोघे मेलेल्यांच्या आवाजांविषयीं बोलूं लागतात. तो आवाज कसा, याला व्लादिमीर उपमा शोधतो: प्रथम पंखांची, मग वाळूची. एस्ट्रागॉन मात्र दर वेळीं झाडाच्या पानांवरच परत येतो. यानंतर ‘शांतता’. मग पुन्हां थोडीं वाक्यें, पुन्हां ‘शांतता’. असें कांहीं वेळां झाल्यावर तीच उपमांची जोडी परत येते. पण आतां व्लादिमीर पंखांऐवजीं पिसें म्हणतो आणि वाळूऐवजीं राख. एस्ट्रागॉनचें उत्तर तेंच, पानें. आणि येथें सूचना बदलते: ‘दीर्घ शांतता’. व्लादिमीर कांहींतरी बोल म्हणून विनवितो. दुसरा प्रयत्न करतो आहे म्हणतो. पुन्हां दीर्घ शांतता. मग व्लादिमीरचा स्वर व्याकुळ होतो.

ही शांतता रिकामी आहे असें कोण म्हणेल? पंखांपासून गळून पडतें तें पीस, जळून उरते ती राख. उपमा जसजशी विझत जाते तसतशी शांतता लांबत जाते. शिवाय ज्या मेलेल्यांविषयीं हे बोलत आहेत त्यांनाही बोलल्यावांचून राहवत नाहीं, असें त्यांच्याच बोलण्यांत आलें आहे. म्हणजे या दोघांचें बोलणें थांबलें कीं दुसरें बोलणें ऐकूं येऊं लागतें, आणि त्याच्याच भयानें हे पुन्हां बोलतात. येथें शांतता ही संवादाची गैरहजेरी नसून त्याचें कारण आहे. ती काढून टाकून उतारा सलग वाचून पाहावा: उरतो तो उपमांचा एक खेळ, भय नाहींसें होतें. शांततेची परीक्षा ही अशी करावयाची असते. अर्थात् दीर्घ म्हणजे किती, हें छापील पान सांगत नाहीं. तें दोन विद्यार्थ्यांना उभे करून, ऐकूनच ठरवावें लागतें. 1975 सालीं बेकेटनें बर्लिनच्या शिलर नाट्यगृहांत हें नाटक स्वतः बसविलें, तेव्हां नटांनीं अगदीं निश्चल राहावयाच्या जागा त्यानें मुद्दाम नेमून दिल्या होत्या. रिकामपण असें नेमून द्यावें लागत नाहीं.

राहिलें तें निरर्थक भाषण. याचा मुकुटमणि म्हणजे पहिल्या अंकांतील लकीचें व्याख्यान. डोक्यावर टोपी घातली कीं हा गुलाम ‘विचार’ करूं लागतो, टोपी हिसकावली कीं थांबतो. पानभर विरामचिन्हांवांचून वाहणारें हें भाषण ‘शब्दांचा कचरा’ म्हणून सोडून देण्याची वहिवाट आहे. पण त्याचा सांगाडा पाहावा. आरंभ होतो तो एखाद्या विद्वत्तापूर्ण प्रबंधाच्या गृहीतकानें: अमुक पंडितांच्या ग्रंथांवरून ईश्वराचें अस्तित्व मान्य केलें असतां… आणि या ‘असतां’चें ‘तर’ कधींच येत नाहीं. वाक्याचा मुख्य भाग टळत राहतो. मध्यें हास्यास्पद नांवांचे पंडित, अडखळणारीं संस्थानामें आणि कारण ठाऊक नसल्याची तीच तीच कबुली येत राहते. तरी विषयांचा क्रम चुकत नाहीं. प्रथम उदासीन स्वर्ग. मग आहार व खेळ यांची प्रगति होऊनही आकसत चाललेला मनुष्य. शेवटीं दगडांची थंड पृथ्वी. बर्लिनच्या तालमी बेकेटनें याच भाषणापासून सुरू केल्या आणि नटाला हेच तीन खंड समजावून दिले. तेव्हां हें भाषण अर्थशून्य नसून अन्वय मोडलेला अर्थ आहे; आणि मोडला आहे तो आम्हां विद्वानांचाच अन्वय. इंग्रजी प्रतींत हे दोघे मित्र एकमेकांस शिव्या देतात, त्यांत प्रतिपक्षाला गारद करणारी शेवटची शिवी ‘समीक्षक’ ही आहे. आमच्या व्यवसायानें तरी या नाटकास अर्थ नाहीं असें म्हणूं नये!

यावर एक आक्षेप येईल: गोदो कोण हें सांगण्यास स्वतः लेखकानेंच नकार दिला, मग तुम्ही अर्थ कोठून काढतां? आम्ही गोदो कोण हें सांगतच नाहीं. तो ईश्वर, तो मृत्यु, ती क्रांति, असें ठरविणें हा मार्गदर्शिकेचाच दुसरा आजार आहे. लेखकानें अर्थ सांगण्याचें नाकारलें, रचना करण्याचें नाकारलें नाहीं. कोणाच्या तोंडीं काय, कितव्यांदा, आणि त्यानंतर किती शांतता, हें सर्व कागदावर आहे. आणि सगळ्याच पुनरुक्तींत खोल अर्थ शोधावा असेंही आमचें म्हणणें नाहीं. दोन डोक्यांवर तीन टोप्या फिरविण्याचा खेळ विदूषकी रंगमंचावरून आला आहे, आणि तेथें प्रेक्षकांनीं हसावें हेंच योग्य.

19 नोव्हेंबर 1957 रोजीं सॅन क्वेंटिनच्या तुरुंगांत सुमारें 1400 कैद्यांपुढें हें नाटक झालें आणि त्यांनीं तें एकचित्तानें पाहिलें. त्यांना काम्यू ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. वाट पाहणें म्हणजे काय हें मात्र ठाऊक होतें. आमच्या पदवीधरांची स्थिति उलट आहे. हेच उद्यां शिक्षक होतील, परीक्षक होतील, नाटकें बसवितील. दिग्दर्शकानें ‘निरर्थक’ हा शब्द पाठ केला असला, तर तो शांतता कापून वेळ वांचवील, दोन्ही अंक एकाच सुरांत म्हणवून घेईल, आणि कंटाळलेल्या प्रेक्षकास, तुम्हांला कळलें नाहीं, असें सांगेल. म्हणून आमची मागणी लहानशी आहे. प्रश्नपत्रिकेंतून ‘निरर्थकतेचें विवेचन करा’ हें वाक्य जावें, आणि त्या जागीं दोन अंकांचे दोन शेवट छापून एवढेंच विचारावें: यांत काय बदललें? या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेवरून देतां येणार नाहीं. नाटकच उघडावें लागेल.