रंग खुलवायचा की लपवायचा?

“हिला जरा लाइट कलर घालत जा गं. भडक रंगात अजून सावळी दिसते.”

मंडळाच्या गणपतीत आरती संपल्यावर एका काकूंनी मला हा सल्ला दिला. अगदी प्रेमाने दिला. माझी मुलगी सात वर्षांची आहे, माझ्यासारखीच सावळी. राणी रंगाचा परकर-पोलका घालून ती प्रसादाच्या रांगेत उभी होती आणि तिला मराठी उत्तम समजतं. घरी येताना गाडीत तिने विचारलं, “आई, भडक म्हणजे काय?”

मी न्यू जर्सीत अकरा वर्षं आहे, पण हे वाक्य त्याहून जुनं आहे. कॉलेजला असताना लक्ष्मी रोडवरच्या दुकानात मी जांभळ्या साडीकडे बोट दाखवलं, तेव्हा काउंटरमागून आवाज आला होता, “ताईंच्या रंगाला ते जाणार नाही, मोतिया-बदामी काढ.” आईनेही मान डोलावली. तिचं स्वतःचं कपाट बदामी, फिकट पिस्ता आणि राखाडी रंगांनी भरलेलं. मग माझंही तसंच झालं. ‘आपल्या रंगाला फिकंच शोभतं’ हा आमच्या घरातला नियमच होता आणि तो कोणी कधी तपासून पाहिला नव्हता.

माझ्यावर तपासायची वेळ आणली ती मावसबहिणीच्या लग्नाने. दोन वर्षांपूर्वी पुण्यात तिच्या मेंदीला ‘पेस्टल थीम’ होती. मी सेज ग्रीन, म्हणजे थोडी राख मिसळलेल्या पिस्ता रंगाची जॉर्जेट साडी नेसले. फोटो आले तेव्हा एकाच फ्रेममध्ये मी आणि माझी थोरली मावशी शेजारी शेजारी उभ्या होतो. मावशीने थीम वगैरे काही मानली नव्हती. ती नेहमीची आमसुली नारायणपेठ नेसून आली होती. तिचा आणि माझा रंग तंतोतंत एक. तोच मांडव, तेच दिवे, तोच कॅमेरा. मावशीचा चेहरा तुकतुकीत दिसत होता आणि माझा आजारातून उठल्यासारखा. डोळे, भुवया, ओठ सगळं एका करड्या छटेत मिसळलेलं. ज्या रंगाने मी उजळ दिसायला हवी होते, त्यानेच मला अधिक काळवंडून टाकलं होतं.

एकाच फोटोत इतका फरक का, हे शोधल्याशिवाय मला राहवेना. कामात बग सापडला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. तेच केलं. एका रविवारी सकाळी खिडकीजवळ उभी राहिले, दिवे बंद केले, मेकअप पुसला. घरातल्या ओढण्या आणि ब्लाउजपीस गोळा केले: सेज ग्रीन, फिकट लव्हेंडर, बेज, पांढराशुभ्र, हळदी, राणी आणि मोरपंखी. फोन स्टँडवर लावला. नवऱ्याने स्क्रीनवर माझ्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं, तेव्हा वर `AE/AF LOCK` अशी अक्षरं आली. म्हणजे कापड बदललं तरी कॅमेरा आपला उजेड कमी-जास्त करणार नाही. प्रत्येक कापड हनुवटीखाली धरून एकेक फोटो काढला. मग लॉक काढून तेच फोटो पुन्हा एकदा घेतले.

दोन्ही संच शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. लॉक काढल्यावर सेज, लव्हेंडर आणि पांढऱ्यासोबत माझा चेहरा सरळसरळ काळा पडत होता. राणी आणि मोरपंखीसोबत जवळजवळ फरकच नव्हता. यात जादू काही नाही. फोनचा कॅमेरा सगळ्या फ्रेमचा सरासरी उजेड मध्यम ठेवायला बघतो. साडी म्हणजे फ्रेमचा मोठा भाग. ती फिकी असली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे. तो उजेड कमी करतो, साडी छान येते आणि चेहरा अंधारात जातो. राणी, आमसुली, मोरपंखी हे रंग मुळात माझ्या त्वचेइतकेच गडद. कॅमेऱ्याला दोघांत निवड करावी लागत नाही. म्हणून मावशी फोटोत उजळली.

पण लॉक असतानाचे फोटो अधिक बोलके होते, कारण तिथे कॅमेऱ्याचा दोष नव्हता. तिथेही सेज आणि लव्हेंडर पडलेच, बेज तर सगळ्यात वाईट. पांढरा मात्र सुंदर दिसत होता! म्हणजे अडचण ‘फिका’ असण्याची नव्हती. फोटो एडिटरमधल्या रंग मोजायच्या टूलने प्रत्येक कापडावर क्लिक केलं. सेजमध्ये रंगाचं प्रमाण, ज्याला सॅच्युरेशन म्हणतात, वीस टक्क्यांच्या आसपास होतं. राणीमध्ये नव्वद. सेज म्हणजे थोडासा हिरवा आणि बाकी दूध आणि राख. सावळ्या त्वचेत तांबूस, सोनेरी, तपकिरी असे गरम रंग भरपूर असतात. शेजारी राखेचा थर आला की तिच्यातली गरमाई मरते आणि ती भुरकट वाटते. शुद्ध पांढऱ्यात ती राख नसते. तो बाजूला होतो आणि त्वचेचा रंग ‘रंग’ म्हणून दिसू देतो. बेजचा घोटाळा वेगळा. तो त्वचेच्याच जातीचा, फक्त थोडा फिका आणि मळका. चेहरा कुठे संपला आणि कापड कुठे सुरू झालं, तेच नीट कळत नाही.

शेजारच्या रंगामुळे रंग बदलल्यासारखा भासतो, हा शोध नवा नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई बघणाऱ्या शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. विणकरांनी वापरलेला काळा धागा नीट काळा दिसत नाही, या तक्रारीपासून त्याने सुरुवात केली आणि खोट धाग्यात नसून शेजारच्या रंगांत आहे, हे दाखवलं. आपल्याकडे मात्र खोट अजून त्वचेतच शोधतात.

म्हणून माझा आताचा हिशेब साधा आहे. सावळ्या आणि काळ्या रंगाला जे खुलतं ते ‘भरलेलं’ असतं: राणी, डाळिंबी, जांभळा, मोरपंखी, गर्द निळा, हळदी, केशरी. यातलं पिवळं-केशरी कापड फिकं असूनही चालतं, कारण ते हनुवटीखालून चेहऱ्यावर सोनेरी उजेड टाकतं. फोटो काढताना फक्त चेहऱ्यावर टॅप करायचं. लालात मात्र थोडं थांबून बघायला लागतं. तांबूस सावळ्या रंगाला कुंकवाकडे झुकणारा लाल सहसा छान जातो, पिवळसर सावळ्याला कधी कधी निळसर राणी उपरी वाटते. हे ओळखायला मनगटाच्या शिरा बघा असं सांगतात, पण गडद त्वचेत शिरांचा रंग नीट कळतच नाही. त्यापेक्षा सोनेरी आणि रुपेरी जरीचे दोन काठ आळीपाळीने गळ्याशी धरा. आरसा दोन मिनिटांत सांगतो.

आणि हो, काकूंचा ‘भडक’ शब्द पूर्ण चुकीचा नाही. निऑन हिरवा किंवा हायलाइटरसारखा गुलाबी माझ्या चेहऱ्यावर स्वतःचा रंग उमटवतो, हनुवटीखाली हिरवी सावली पडते. लोकांना साडी दिसते, बाई दिसत नाही. पण राणी परकर भडक नव्हता, तो भरलेला होता. या दोन्हींसाठी एकच शब्द वापरून आपण सावळ्या मुलींचे निम्मे रंग काढून घेतले.

पेस्टल्स मी टाकून दिलेले नाहीत. त्यांनाही त्यांची जागा आहे. कोवळ्या लोण्यासारखा पिवळा, स्वच्छ अबोली, पांढऱ्याच्या अगदी जवळ जाणारा गुलाबी, ज्यात राख नाही, ते दिवसाच्या उजेडात सुरेख दिसतात. सुती-खादीपेक्षा रेशमात जास्त, कारण चमकणारं कापड भुरकट वाटत नाही. आणि फिक्या साडीला गर्द ब्लाउज असला की काम फत्ते होतं, कारण चेहऱ्याच्या शेजारी ब्लाउज असतो, निऱ्या नाहीत. ती सेज साडी मी आता डाळिंबी ब्लाउजवर नेसते. ऑफिसच्या निळसर दिव्यांत मात्र मी पेस्टलच्या वाटेला जात नाही. माझी कृष्णवर्णीय टीम लीड हिवाळ्यात सगळे करडे-काळे कोट घालून येतात तेव्हा गर्द निळ्यात किंवा मोहरी-पिवळ्यात येते. मी कारण विचारलं तर म्हणाली, “बेज घालून आले की सगळे तब्येत विचारतात.” तिला हे कुणी शिकवलं, तर तिच्या आईने.

आपल्या घरांत हे शिकवायला काय हरकत होती? आपला विठोबा सावळा आहे आणि त्याला शतकानुशतकं आपण पिवळाजर्द पितांबर नेसवतो. “देवाला जरा लाइट कलर घाला” असं पंढरपुरात कोणी म्हणत नाही. डोळ्यांना कळत होतंच. मग मुलींसाठी नियम उलटा का झाला? मला वाटतं, त्या नियमाचा हेतू खुलवण्याचा नव्हताच. सावळेपणाकडे लक्ष जाऊ नये, मुलीने मागच्या रांगेत गुपचूप उभं राहावं, एवढाच होता. गंमत म्हणजे तेवढंही त्याला साधत नाही. माझा मेंदीतला फोटो साक्षीला आहे.

या दिवाळीला इकडच्या लेकीसुनांसाठी साडी घ्याल तेव्हा एक करा. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली निर्णय घेऊ नका. साडी दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात न्या आणि जिच्यासाठी घेताय तिच्याच रंगाच्या कुणाच्या तरी गळ्याशी धरा. आधी चेहऱ्याकडे बघा, मग साडीकडे.

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “लग्नातली माझी एक जांभळी इरकल आहे. दोनदाच नेसले होते.” दुसऱ्या दिवशी तिने खिडकीत उभं राहून काढलेला फोटो पाठवला. लेकीने तो बघितला आणि विचारलं, “आजी भडक आहे का?”

मी म्हटलं, “नाही गं. आजी खुलली आहे.”