मतदारयादीतील चुकलेले नाव : दुरुस्ती कशी करावी, मतदानकेंद्रावर ओळख कशी पटवावी

निवडणूक जवळ आली की रविवारच्या मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात एक ठरावीक विचारणा होऊ लागते. "फादर, यादीत माझे नाव चुकीचे छापले आहे. मला मत देता येईल का? आपण स्नानसंस्काराचा दाखला द्याल का?" विचारणाऱ्यांत वृद्ध अधिक असतात, आणि काही जण अशा चुकीपायी लाजून किंवा घाबरून केंद्रावर जातच नाहीत. म्हणून हा विषय आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

आपल्या समाजात ही अडचण अधिक का, याला कारण आहे. आपली आडनावे पोर्तुगीज वळणाची. घोन्साल्विस, गोन्साल्विस आणि गोन्सालवीस ही एकाच घरातील तीन भावंडांच्या कागदांवर आढळणारी तीन रूपे. डिसोजा कोठे जोडून, कोठे तोडून, तर रोमन लिपीत कधी वरच्या स्वल्पविरामासह लिहिले जाते. मतदारयादीत नाव मराठी व इंग्रजी अशा दोन्ही लिपींत असते. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेताना संगणकाने किंवा टंकलेखकाने उच्चार न जाणता अक्षरे बसवली, की 'आंतोन'चा 'एन्टोन' होतो आणि 'फिलोमिना'ची 'फीलोमेना'. त्यात विवाहानंतरचे आडनाव, तसेच वडिलांच्या जागी पतीचे नाव, यांची भर पडते.

येथे प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात. मतदानाचा हक्क यादीतील नोंदीतून मिळतो. ओळखपत्र केवळ ती नोंद तुमचीच आहे, एवढे दाखवते. यादीत नोंदच नसेल, तर हातात कितीही ओळखपत्रे असोत, मत देता येत नाही. उलट नोंद आहे, पण तिच्यातील अक्षरे चुकली आहेत, तर हक्क नाहीसा होत नाही. म्हणून पहिले काम ओळखपत्र शोधणे नव्हे, यादी पाहणे. electoralsearch.eci.gov.in या संकेतस्थळावर ओळखपत्राच्या क्रमांकाने शोध घेता येतो. नाव टाकून शोधले व सापडले नाही, तर लगेच निराश होऊ नये. चुकलेल्या नावाची नोंद बरोबर नाव टाकून मिळणार तरी कशी? क्रमांकाने शोधावे, अथवा आपल्या भागाची यादी घेऊन घरातील इतरांच्या नावांच्या आसपास पाहावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका भगिनीचे आधारकार्डावरील नाव फिलोमिना आंतोन घोन्साल्विस असे आहे. यादीत व मतदार ओळखपत्रावर मात्र 'फीलोमेना एन्टोन गोन्सालवीस' असे छापले आहे. वय, घर व छायाचित्र बरोबर आहे. या भगिनीने काय करावे?

दुरुस्तीसाठी नमुना ८ हा अर्ज आहे. ऑगस्ट २०२२ पासून नोंदीतील दुरुस्ती, पत्त्यातील बदल आणि नवे ओळखपत्र या सर्वांसाठी हाच एक अर्ज भरावा लागतो. त्यात ओळखपत्राचा क्रमांक लिहून 'नोंदीतील दुरुस्ती' हा पर्याय निवडावा. मग बरोबर नाव दोन्ही लिपींत स्वतः लिहावे. केवळ मराठी लिहून इंग्रजी दुसऱ्यावर सोपवले, तर चूक एका स्तंभातून दुसऱ्यात जाते, एवढेच. पतीचे नावही चुकले असेल, तर ती दुरुस्ती वेगळी नोंदवावी. सोबत बरोबर नाव असलेल्या कागदपत्राची प्रत स्वतःच्या स्वाक्षरीने साक्षांकित करून जोडावी. येथेच अनेकांचे अडते. आधारवर एक रूप, पॅनकार्डावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे असेल, तर अर्ज भरण्याआधी कोणते रूप कायम ठेवावयाचे ते घरात बसून ठरवावे आणि त्याच रूपाचा पुरावा जोडावा.

अर्ज voters.eci.gov.in येथे भरता येतो, तसेच मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे कागदावरही देता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने संगणकीय अर्जासाठी आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवरून ई-स्वाक्षरीची अट घातली आणि मतदार ओळखपत्रावरील व आधारवरील नाव एकच असल्याची खात्री करून घेण्याची सूचना दिली. विचित्र गोष्ट अशी की, ज्याचे नाव दोन ठिकाणी वेगळे आहे, तोच तर दुरुस्तीसाठी येतो! आमच्या फिलोमिनाबाईंसारख्यांनी म्हणून कागदी अर्जाचा मार्ग धरावा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. त्या पोचेवरील क्रमांकाने पुढे अर्जाची स्थिती पाहता येते. शंका असल्यास १९५० या क्रमांकावर विचारता येते.

पुढे केंद्रस्तरीय अधिकारी पडताळणी करतो आणि मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. नवे ओळखपत्र हाती आले म्हणून काम संपले, असे मानू नये. यादीतील ओळ पुन्हा पाहावी, कारण केंद्रावर यादीच वाचली जाते. वेळेची मर्यादाही कडक आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस उलटला की त्या निवडणुकीपुरती यादीत भर, वगळणी वा दुरुस्ती होत नाही. शिवाय हरकतींसाठी मुदत ठेवावी लागत असल्याने अर्ज त्याच्याही बरेच आधी पोहोचला पाहिजे. निवडणुकीची घोषणा ऐकून धावणाऱ्याला बहुधा उशीर झालेला असतो.

एक धोक्याची सूचना. नाव चुकले म्हणून काही जण नव्या मतदाराचा नमुना ६ भरून मोकळे होतात. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात, आणि कायद्याने एका व्यक्तीचे नाव एकदाच असू शकते. त्या अर्जात 'माझे नाव इतरत्र नाही' अशा अर्थाची घोषणा असते. जाणूनबुजून खोटी घोषणा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चुकलेल्या नोंदीवर उपाय नवी नोंद नव्हे, नमुना ८.

आता समजा, दुरुस्ती वेळेत झाली नाही आणि मतदानाचा दिवस उजाडला. फिलोमिनाबाईंनी जावे की नाही? अवश्य जावे. निवडणूक संचालन नियम, १९६१ यांत केंद्राध्यक्षाला स्पष्ट अधिकार आहे : समोरची व्यक्ती आणि यादीतील मतदार एकच आहेत अशी त्याची खात्री पटली, तर नोंदीतील निव्वळ लेखनाच्या वा छपाईच्या चुकांकडे त्याने दुर्लक्ष करावे. आयोगाच्या आदेशांतही ओळखपत्रावरील किरकोळ तफावत, ओळख पटत असेल तर, दुर्लक्षित करण्यास सांगितले आहे.

येथे आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगू. ओळखपत्रावर नाव चुकले म्हणून अनेक जण ते घरी ठेवून केवळ आधारकार्ड घेऊन जातात. नेमके उलट करावे. ज्या यादीत चूक आहे, तीच चूक बहुधा ओळखपत्रावरही असते. म्हणून ते पत्र आणि यादी एकमेकांशी जुळतात, क्रमांक जुळतो, छायाचित्र जुळते. आधारकार्ड बरोबर असूनही यादीपासून दूर असते. म्हणून चुकलेले ओळखपत्र आधी दाखवावे आणि बरोबर नावाचे दुसरे कागदपत्र जवळ ठेवावे. विवाहापूर्वीच्या नावाने नोंद राहिलेल्या भगिनींनाही हेच लागू पडते.

ओळखपत्र हरवले असेल, तर २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाने बारा पर्यायी छायाचित्रयुक्त कागदपत्रे मान्य केली होती. त्यांत आधारकार्ड, पॅनकार्ड, वाहनपरवाना, पासपोर्ट, छायाचित्र असलेले बँक वा टपाल खात्याचे पासबुक, छायाचित्र असलेली निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि दिव्यांगांचे ओळखपत्र ही आपल्याकडे सहज मिळणारी होत. शिधापत्रिका त्यात नव्हती. स्नानसंस्काराचा दाखलाही नव्हता. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी केंद्र व अनुक्रमांक शोधण्यास उपयोगी पडते, परंतु ती ओळखीचा पुरावा नव्हे. परदेशस्थ मतदार म्हणून नोंदणी केलेल्यांना तर मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. आखातात काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

केंद्रात पहिला मतदान अधिकारी यादीत नोंद शोधतो आणि अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचतो, ते उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावे म्हणून. 'फीलोमेना गोन्सालवीस' असे वाचले गेले तर बिचकू नये. "होय, ती मीच" असे सांगून दोन्ही कागदपत्रे पुढे करावीत. अधिकारी अडखळला, तर केंद्राध्यक्षांशी बोलू द्यावे, अशी शांतपणे विनंती करावी; नियमाने हा निर्णय त्यांचा आहे. एखाद्या प्रतिनिधीने ओळखीस आक्षेप घ्यावयाचा ठरवला, तर त्याला प्रथम दोन रुपये भरावे लागतात आणि पुरावा द्यावा लागतो. आक्षेप सिद्ध झाला नाही, तर मतदाराला मत देऊ दिले जाते.

या सवलतीला मर्यादाही आहे. छायाचित्र दुसऱ्याचेच असेल व जवळ दुसरे कागदपत्र नसेल, तर केंद्राध्यक्ष नकार देऊ शकतो. आपल्या गावांत एकाच नावाच्या दोन व्यक्ती असणे नवलाचे नाही. अशा वेळी वय, घरक्रमांक आणि पती वा वडिलांचे नाव यांवरून उलगडा होतो. आपल्या नोंदीवर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागता येते. ती कागदी मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात राहते आणि सामान्यतः मोजली जात नाही. परंतु न्यायालयात निवडणुकीला आव्हान दिले गेल्यास ती उपयोगी पडू शकते.

हा विषय एका दिवसाच्या रांगेपुरता का राहिलेला नाही, तेही पाहावे. आयोगाने २७ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण जाहीर केले. त्यातील गणना-अर्जात स्वतःचा किंवा नातेवाइकाचा मागील सखोल पुनरीक्षणाच्या यादीतील तपशील विचारला गेला. पश्चिम बंगालमध्ये जुन्या यादीशी पालकांचे नाव न जुळल्यासारख्या विसंगतींवरून नोटिसा गेल्या, आणि १९ जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाला अशा मतदारांची नावे ग्रामपंचायती व प्रभाग कार्यालयांत लावण्याचे आदेश द्यावे लागले. जी तफावत केंद्राध्यक्ष डोळ्यांनी माणूस पाहून सोडून देतो, ती संगणकाच्या पडताळणीत सुटत नाही. आईवडिलांचे नाव आपल्या नोंदीत कसे लिहिले आहे, हे म्हणूनच आताच पाहून ठेवावे.

उरतो स्नानसंस्काराच्या दाखल्याचा प्रश्न. तो आम्ही आनंदाने देतो, परंतु यादीतील अक्षरांशी जुळावे म्हणून नोंदवहीतील नाव बदलून द्या, ही विनंती आम्हांस मान्य करता येत नाही. ती वही त्या दिवशी जे घडले त्याची साक्ष आहे. बदलावयाचे ते यादीतील नाव, आणि त्यासाठी नमुना ८ पुरेसा आहे.